वसतिगृहातला पहिला आठवडा: एका कथेची बांधणी

घराण्यात कॉलेजची पायरी प्रथमच चढणाऱ्या विद्यार्थ्याचा वसतिगृहातला पहिला आठवडा, हा सर्जनशील लेखनाच्या वर्गात वारंवार दिला जाणारा विषय आहे. बी.एड.च्या विद्यार्थ्यांसाठी तर तो विशेष उपयोगी ठरतो. २०१४ च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यात मजकुराचे वाचन-चिंतन, नाट्य आणि कला यांना स्वतंत्र जागा मिळाली. उद्याच्या शिक्षकाने अशा विद्यार्थ्याची कथा लिहायची, म्हणजे वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी काय काय सांभाळत बसली आहे, हे तिच्या बाजूने पाहायचे. कथेची लांबी साधारण १२०० ते १५०० शब्दांची असते. एवढ्या जागेत एक आठवडा बसवायचा, तर काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हाच पहिला प्रश्न उभा राहतो.

मराठीत या विषयाला मोठी पार्श्वभूमी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे बोर्डिंग काढले. साहित्यात १९६३ ची ‘कोसला’ पुण्यातल्या वसतिगृहात घडते. पण तिचा नायक खानदेशातल्या खात्यापित्या घरचा मुलगा आहे. त्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची कथा लिहिताना हा फरक विसरला, तर लेखक शहरातल्या एकटेपणावर लिहीत राहतो आणि मूळ विषय बाजूला पडतो.

मूळ विषय कोणता?

अशा कथांच्या पहिल्या खर्ड्यात बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात: घरची आठवण, मेसचे बेचव जेवण आणि पैशांची चणचण. या तिन्ही खऱ्या आहेत. पण डॉक्टरांच्या मुलालाही वसतिगृहात घर आठवते आणि मेसच्या डाळीबद्दल त्याचीही तक्रार असते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचे वेगळेपण माहितीत आहे. वसतिगृहाचे लेखी नियम फळ्यावर लावलेले असतात. न लिहिलेले नियम मात्र घरात कोणी आधी शिकलेले असेल त्यालाच ठाऊक असतात. जर्नल कधी तपासून घ्यायचे, कोणत्या अर्जावर कोणाची सही चालते, रांगेत उभे राहायचे की केबिनमध्ये जाऊन विचारायचे, हे सांगणारा मोठा भाऊ किंवा मावशी इथे नसते. तेव्हा कथेच्या केंद्रस्थानी ‘इतरांनी गृहीत धरलेली आणि या मुलीला माहीत नसलेली एक गोष्ट’ असावी. ती एकच असावी आणि शक्यतो हातात धरता येईल अशी असावी: एखादा अर्ज, एखादी चावी, एखादी सही.

हे प्रत्यक्षात कसे उतरते, ते पाहण्यासाठी एक कल्पित कथा घेऊ. नायिका रेखा बीड जिल्ह्यातल्या एका वाडीची. आईवडील ऊसतोड मजूर. तिला पुण्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला आहे आणि मुलींच्या शासकीय वसतिगृहात जागा मिळाली आहे.

काळ आधी ठरवावा

कथेतला आठवडा वर्षातला नेमका कोणता, हे लिहायला बसण्यापूर्वी ठरवावे लागते. कॉलेजचे प्रवेश पावसाळ्यात होतात. शासकीय वसतिगृहाची निवड यादी मात्र त्यानंतर लागते आणि ती अनेकदा लांबते. तोवर कोणी नातलगाकडे राहते, कोणी मैत्रिणीच्या खोलीत विनापरवाना दिवस काढते, तर कोणी प्रवेश घेऊन गावाकडेच यादीची वाट पाहते. पुण्यात अशा विनापरवाना राहणाऱ्याला मुले ‘पॅरासाईट’ म्हणतात. रेखा गावी थांबली आहे, म्हणजे ती वसतिगृहात पोचते तेव्हा वर्ग सुरू होऊन दोन महिने उलटलेले आहेत.

इकडे ऊसतोडीचे वेळापत्रक वेगळे चालते. कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि दसरा झाला की बीडमधल्या वाड्यावस्त्यांवरून टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघू लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्या कोयत्यासाठी मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि हंगामभर तोडणी करून ती फेडायची असते.

ही दोन वेळापत्रके शेजारी ठेवली की कथा आपोआप उभी राहते. रेखा ज्या आठवड्यात पुण्यात येते, त्याच आठवड्यात तिचे घर कुलूपबंद होते. तिने अर्जात लिहिलेल्या कायमच्या पत्त्यावर पुढचे पाच-सहा महिने कोणीही नसणार. लेखकाने हे वेगळे रंगवून सांगायची गरज नाही. फक्त तारखा जुळवल्या की पुरे. अशी जुळणी न करता ऊसतोड कामगाराची मुलगी जुलैत वसतिगृहात येते आणि वडील उसाच्या फडातून फोन करतात, असे लिहिले, तर जाणकार वाचकाचा विश्वास पहिल्याच पानावर उडतो.

सोमवार: अर्जातला रकाना

वसतिगृहाच्या प्रवेशाला जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाईड, आधार जोडलेले बँक खाते अशी कागदांची चळत लागते. ही चळत कथेत यादी म्हणून देऊ नये. रेखाकडे सगळे कागद आहेत, दोन-दोन झेरॉक्ससह. ती हुशार आहे आणि तिने तहसीलच्या फेऱ्या स्वतः मारल्या आहेत. ती अडते ती शेवटच्या पानावर. तिथे दोन रकाने आहेत: पालकाचा संपर्क क्रमांक आणि स्थानिक पालकाचे नाव. पहिला प्रसंग असा लिहिता येईल:

“स्थानिक पालक कोण?” गृहपाल मॅडमनी वर न पाहता विचारलं.

रेखानं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“इथलं कुणी वळखीचं हाय का, असं विचारतायत,” रेखा म्हणाली.

“इथलं कुणी न्हाई.”

“बरं, तो रकाना राहू द्या. तुमचा नंबर सांगा.”

आप्पांनी मोबाईल काढला आणि परत खिशात ठेवला. “माझा न्हाई लागायचा तिकडं. मुकादमाचा लिव्हा. त्येचा कायम लागतो.”

नंबर आप्पांना पाठ होता.

प्रसंग इथेच थांबतो. मुकादम कोण, उचल किती, पुण्याला येण्यासाठी लागलेले एसटीचे भाडे, गादी, बादली आणि कुलूप कोणत्या पैशातून आले, यातले काहीही अजून सांगितलेले नाही. वडिलांना नंबर पाठ आहे, एवढ्याने त्या नात्याचे वजन कळते. नवा लेखक मात्र इथेच ऊसतोडीवर एक परिच्छेद लिहितो. ती माहिती वाचकाला हवी असते हे खरे. पण ती पुढे रेखाला गरज पडेल तेव्हा, तिच्या आठवणीतून, एका वाक्याने यावी.

मंगळवार ते गुरुवार: मधले दिवस

सात दिवसांचे सात प्रसंग लिहिण्याचा मोह टाळावा लागतो, कारण त्याने कथेची डायरी होते. १४०० शब्दांत पाच प्रसंग नीट मावतात: पहिल्याला साधारण ३५० शब्द, मधल्या दोघांना मिळून ४५०, कळीच्या प्रसंगाला ४०० आणि शेवटाला २००. उरलेले दिवस एका ओळीत उरकता येतात. प्रयोगशाळेत रेखाला कळते की सात प्रयोग होऊन गेले आहेत आणि जर्नल कोणाचे तरी पाहून उतरवावे लागेल. हे एका वाक्यात पुरते, कारण ती अडचण सुटणारी आहे.

मधला पहिला प्रसंग निवडताना मेसची रांग सुचतेच. त्याऐवजी काहीसे अनपेक्षित पण खरे काही शोधावे. रेखा पहाटे चारला उठते, कारण तिच्या अंगाला तीच वेळ ठाऊक आहे. करायला काही नसते, म्हणून ती खोली झाडते आणि मग खोलीपुढचा व्हरांडाही झाडून काढते. सहाला सफाई करणाऱ्या मावशी येतात आणि तिच्या हातातला झाडू काढून घेतात.

“हे माझं काम आहे. तू अभ्यासाला आलीस ना? मग कर की अभ्यास.”

मावशींच्या बोलण्यात राग आहे की माया, ते रेखाला कळत नाही आणि लेखकानेही ते सांगू नये. घरात आयुष्यभर राबलेल्या मुलीला कोणीतरी आपल्यासाठी झाडते, याची सवय नाही. खोलीतल्या दुसऱ्या दोघी झोपलेल्या आहेत आणि त्यांना यात काही वेगळे वाटणारही नाही. माहितीतला फरक इथे पुन्हा दिसतो. फक्त या वेळी तो कागदावरचा नसून अंगवळणी पडलेला आहे. मुलीला बिचारी न करता तिचा अवघडलेपणा दाखवणारा असा एक प्रसंग मेसवरच्या तीन परिच्छेदांचे काम करतो.

दुसरा प्रसंग फोनचा. बुधवारी रात्री टोळीची गाडी निघणार आहे, म्हणून आई संध्याकाळीच फोन करते. असा फोन जे बोलले जाते त्यापेक्षा जे टाळले जाते त्यावर चालतो, म्हणून लिहिण्यापूर्वी लेखकाने दोन्ही बाजूंनी काय लपवले आहे ते वहीत मांडून ठेवावे. आई लपवते की यंदा धाकट्या भावालाही सोबत नेत आहेत, म्हणजे त्याची शाळा बुडणार. हंगामात गावी मागे राहणाऱ्या मुलांसाठी शाळेत जेवणाची हंगामी सोय केलेली असते. पण रात्री त्यांना सांभाळायला आजी किंवा कोणी नातलग लागते. रेखाच्या घरी आतापर्यंत ते काम रेखाच करत होती. रेखा लपवते की दोन महिन्यांचा अभ्यास मागे पडला आहे.

“जेवलीस का?”

“जेवले. तुमचं आवरलं का?”

“आवरलं. भांडी बांधली.”

“बाळू कुठंय?”

“हाय हितंच. खेळतोय.” मग आई म्हणाली, “त्येची दप्तराची पिशवी घेतलीय संगं.”

दप्तर गाडीत का जाते आहे, ते रेखाला लगेच कळते आणि वाचकालाही. तिच्या शिकण्याची किंमत घरात दुसऱ्या कोणाला तरी पडते आहे, ही या कथेतली सर्वांत जड गोष्ट आहे. ती स्वगतात सांगितली असती, तर हलकी झाली असती.

शुक्रवार-शनिवार: कळीचा प्रसंग

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांनुसार विद्यार्थ्याबरोबर पालकानेही हमीपत्र द्यायचे असते. शुक्रवारी कॉलेजात रेखाकडे ते मागितले जाते: सोमवारपर्यंत पालकांच्या सहीसह आणा. ज्यांचे वडील शहरात आहेत किंवा ज्यांना कागद कुरिअरने पाठवता येतो, त्यांच्यासाठी ही किरकोळ बाब आहे. रेखाचे वडील त्या वेळी साताऱ्याकडच्या एखाद्या फडाच्या कडेला कोप उभारत आहेत. पहिल्या प्रसंगातला रकाना आता कथेला वळण देतो. शनिवारी गृहपाल मॅडम मदत करायची म्हणून रजिस्टर काढतात आणि पालकांच्या क्रमांकावर फोन लावतात. पलीकडे मुकादम आहे. फोन स्पीकरवर आहे.

“हां, आमच्याच टोळीतली पोरगी हाय ती. मीच बघतो त्यांचं सगळं. सही करून देतो की, पाठवा कागुद. काय लागलं तर मला सांगत जावा, मॅडम.”

मॅडमनी फोन ठेवला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: पालकांशी बोलणे झाले.

“चांगले आहेत गं तुझे काका.”

या प्रसंगात दोन जागी हात आखडता घ्यावा लागतो. मुकादमाला खलनायक करू नये. तो सभ्यपणे बोलतो, कदाचित खरोखर मदतही करील. तो स्वतः कारखान्याच्या किंवा वाहतूक ठेकेदाराच्या पैशाला बांधलेला असतो आणि अनेक मुकादम आधी कोयता धरलेलेच असतात. तो वाईट आहे म्हणून रेखाला त्रास होत नाही. आईवडिलांची उचल ज्याच्याकडे आहे, तोच आता कागदावर तिचा पालक झाला, यामुळे होतो. तसेच गृहपाल मॅडमनाही निर्दय करू नये. त्यांनी नियमाने वागून आपुलकीने फोन केला आहे. सगळी माणसे बऱ्यापैकी भली असूनही मुलीच्या वाट्याला काहीतरी अन्याय्य येते, हे दाखवता आले, तर कथा शिक्षकांच्या वर्गात वाचण्याजोगी होते. कारण शिक्षकही नेमके असेच, चांगल्या हेतूने, चुकतात.

शेवट कोणता निवडावा?

इथे तीन शेवट संभवतात. पहिल्यात मैत्रिणीचे शहरातले वडील पुढे येतात, ‘मी होतो स्थानिक पालक’ म्हणतात आणि सगळे सुटते. हा शेवट गोड आहे, पण त्यात रेखाने काहीच केलेले नाही. एका पालकाच्या जागी दुसरा आला एवढेच. दुसऱ्यात रेखा बॅग भरून गावाकडची एसटी धरते. त्यात आघात आहे, परंतु एका फोनने घर सोडण्याइतकी ती कच्ची असती, तर तहसीलच्या फेऱ्या मारून इथवर आलीच नसती. पात्राने आधी जे केले, त्याला हा शेवट खोटे पाडतो.

तिसरा शेवट लहान आहे. रविवारी रेखा गृहपाल मॅडमकडे जाऊन रजिस्टर मागते आणि मुकादमाच्या क्रमांकावर रेघ मारून खाली आप्पांचा क्रमांक लिहिते.

“हा लागेल का?” मॅडमनी विचारलं.

“रात्री नऊनंतर लागतो. वाट बघावी लागंल.”

मॅडमनी क्रमांकापुढे कंसात लिहिलं: रात्री नऊनंतर. मग स्थानिक पालकाच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

“इथं काय लिहू?”

“कुणी न्हाई, असं लिहा.”

या शेवटात हमीपत्राचा प्रश्न सुटलेला नाही. सोमवार उजाडणार आहे. उलट, पटकन लागणारा क्रमांक खोडून रेखाने स्वतःची अडचण वाढवली आहे. तरीही काही बदलले आहे. सोमवारी तिच्याबद्दलचा मजकूर दुसऱ्यांनी सांगून भरला होता, रविवारी तो ती स्वतः सांगते. मॅडमनीही नियमाच्या रकान्यात एक वेळ लिहून घेतली, म्हणजे वसतिगृह तिच्या घराच्या वेळापत्रकाकडे एक पाऊल सरकले. आठवड्याच्या कथेला एवढा बदल पुरतो. पहिल्या आठवड्यातच नायिका वर्गात पहिली आली किंवा भाषण स्पर्धा जिंकली, तर आठवड्याचे माप मोडते.

दृष्टिकोन आणि भाषा

ही कथा प्रथमपुरुषात लिहिता येते. पण मग निवेदनाची भाषा रेखाची असावी लागते आणि ती सातत्याने बीडकडच्या बोलीत सांभाळणे नव्या लेखकाला जड जाते. सोयीचा मार्ग असा की निवेदन तृतीयपुरुषात आणि साध्या मराठीत ठेवावे, मात्र रेखाला दिसते तेवढेच सांगावे. मॅडमच्या मनात काय आले, ते सांगितले की हा करार मोडतो. बोली संवादांत राहील. तिथेही एक बारकावा सांभाळावा: आईशी फोनवर रेखाची बोली घरची आहे, मॅडमपुढे ती सावरून बोलू पाहते आणि गडबडली की घरचा शब्द निसटतो. शेवटच्या संवादात ती ‘लागंल’ म्हणते आणि दुरुस्त करत नाही. हा फरक लेखकाने समजावून सांगितला, तर वाया जातो.

फेरतपासणी

खर्डा पूर्ण झाल्यावर चार गोष्टी तपासाव्यात. पहिली: प्रत्येक प्रसंगाच्या समासात लिहावे की इथे कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला नाही. ज्या प्रसंगात सगळ्यांना सगळे माहीत आहे, तो बहुधा काढून टाकण्याजोगा असतो. दुसरी: गरीब, बिचारी, हलाखीची, डोळ्यांत पाणी, अशा शब्दांवर रेघ मारून कथा पुन्हा वाचावी. ती शब्दांविना उभी राहत नसेल, तर प्रसंग कच्चा आहे. तिसरी: मुलीचे घर, जिल्हा आणि आईवडिलांचे काम बदलून पाहावे. काही न बदलता कथा तशीच चालत असेल, तर ती कोणाचीच झालेली नाही. रेखाच्या कथेत वडील गिरणी कामगार केले, तर मुकादम, कुलूपबंद घर आणि न लागणारा फोन, तिन्ही कोसळतात. म्हणजे बांधणी पक्की आहे.

चौथी तपासणी नैतिक आहे. अशा कथा अनेकदा वर्गातल्याच कोणाच्या तरी अनुभवावरून लिहिल्या जातात. त्या विद्यार्थ्याची परवानगी घ्यावी, गाव आणि ओळखीच्या खुणा बदलाव्यात आणि कथा आधी त्याला वाचायला द्यावी. ‘असं झालं नव्हतं’ असे तो म्हणाला, तर त्यावर वाद न घालता नेमके काय झाले होते ते ऐकून घ्यावे. चुकीच्या जागी बसवलेला तपशील तिथेच सापडतो आणि बहुतेक वेळा खरा तपशील लेखकाने रचलेल्यापेक्षा सरस निघतो.